तीन वर्षांची वॉरंटी आणि क्लचप्लेटचं बिल

«मी खोपोलीत राहते आणि हिंजवडीला नोकरी करते. महिन्यातले पंचवीस दिवस येऊन-जाऊन 120 किलोमीटर होतात, त्यात बोरघाट. नवी पेट्रोल गाडी घ्यायची आहे. मारुती, ह्युंदाई आणि टोयोटा या तिन्ही शोरूममध्ये ‘तीन वर्षं वॉरंटी’ असंच सांगितलं. माझ्या दिरांच्या गाडीची (कंपनी या तिघांपैकी नाही) क्लचप्लेट 28 हजार किलोमीटरला गेली. गाडी वॉरंटीत होती, तरी ‘हा झिजणारा पार्ट आहे’ म्हणून पूर्ण बिल लावलं. मग वॉरंटीत नक्की येतं काय? आणि कोणाची वॉरंटी खरंच चांगली?»
— एक वाचक, खोपोली

नमस्कार ताई,

तिन्ही शोरूमनी तुम्हाला खरं तेच सांगितलं, पण अर्धंच. वॉरंटीला नेहमी दोन टोकं असतात, वर्षं आणि किलोमीटर. त्यातलं जे आधी गाठलं जाईल तिथे ती संपते. मारुती आणि टोयोटाची वॉरंटी 3 वर्षं किंवा 1 लाख किलोमीटर आहे. ह्युंदाईची 3 वर्षं आहे आणि किलोमीटरला मर्यादा नाही. किया आणि होंडाही खासगी गाडीला 3 वर्षं अमर्याद किलोमीटर देतात. रेनोने जानेवारी 2025 पासून 3 वर्षं किंवा 1 लाख किलोमीटर केलं. कोणी तुम्हाला ‘मारुतीची वॉरंटी दोनच वर्षं असते’ असं सांगितलं, तर ती जुनी गोष्ट आहे. आधी ती 2 वर्षं किंवा 40 हजार किलोमीटर होती, 9 जुलै 2024 पासून विकलेल्या गाड्यांना ती वाढवली गेली. जुनी मुदत असती, तर तुमची वॉरंटी तेराव्या-चौदाव्या महिन्यातच आटोपली असती.

आता तुमचा हिशेब मांडू. रोजचे 120 किलोमीटर, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे महिन्याला 3,000. या गतीने 1 लाख किलोमीटर होतात साधारण 33 महिन्यांत. म्हणजे मारुती-टोयोटाची तीन वर्षं तुमच्यासाठी पावणेतीन वर्षं होणार आणि ह्युंदाईची पूर्ण तीन राहणार. फरक जेमतेम तीन महिन्यांचा. मात्र सुट्टीत माहेर, कोकण, देवदर्शन धरून महिन्याला 3,500 किलोमीटर होत असतील, तर लाखाचा टप्पा साडेअठ्ठावीस महिन्यांतच येईल, आणि मग फरक सात महिन्यांवर जातो. वर्षभराची सरासरी काढून दिवसाला 91 किलोमीटरच्या वर जात असाल, तरच ‘अमर्याद किलोमीटर’ या शब्दांचा तुम्हाला उपयोग आहे. त्याच्या खाली असणाऱ्याला तिन्ही वॉरंट्या मुदतीच्या बाबतीत सारख्याच. तुम्ही वर आहात, पण फार वर नाही.

मुदत वाढवून घेताना मात्र हा हिशेब फारच महत्त्वाचा होतो, कारण तिथे वर्षांचा आकडा मोठा दिसतो आणि किलोमीटरचा मागे राहतो. मारुतीकडे चौथ्या वर्षापर्यंतची वॉरंटी 1 लाख 20 हजार किलोमीटरपर्यंत, पाचव्या वर्षापर्यंतची 1 लाख 40 हजारपर्यंत आणि सहाव्या वर्षापर्यंतची 1 लाख 60 हजारपर्यंत मिळते. महिन्याला 3,000 किलोमीटरच्या हिशेबाने ‘सहा वर्षं’ म्हणजे तुमच्यासाठी चार वर्षं पाच महिने, आणि ‘पाच वर्षं’ म्हणजे चार वर्षांनाही महिनाभर कमी. पैसे मात्र पूर्ण सहा किंवा पाच वर्षांचे. याचा अर्थ ती घेऊ नये असा नाही. इतकं चालवणाऱ्या माणसाला लाखाच्या पुढे इंजिन-गिअरबॉक्सचं संरक्षण असणं मला पटतं. फक्त मनात ‘सहा वर्षं’ न धरता ‘1 लाख 60 हजार किलोमीटर’ धरून किंमत तोलायची. ह्युंदाईकडेही वाढीव वॉरंटी घेताना तिच्या किलोमीटरची मर्यादा कागदावर लिहून घ्या. मूळ वॉरंटी अमर्याद आहे म्हणून वाढीवही तशीच असेल असं गृहीत धरू नका.

इतकं झाल्यावरही तुमच्या खिशावर येणारा खरा खर्च मुदतीमुळे येत नाही, तो तुमच्या दुसऱ्या प्रश्नात दडलेला आहे.

कोणत्याही कंपनीचं वॉरंटी बुकलेट उघडलं, तरी पहिल्या एक-दोन परिच्छेदांत एक वाक्य सापडतंच. नेहमीच्या वापरात, मटेरियल किंवा बनावटीतल्या दोषामुळे जो पार्ट बिघडेल, तो कंपनी दुरुस्त करून किंवा बदलून देईल. सगळी वॉरंटी या वाक्यावर उभी आहे. वापराने जे संपतं त्याची हमी कंपनी देत नाही, कारण ते संपणं हेच त्या पार्टचं काम आहे. ब्रेक पॅड झिजतो म्हणून गाडी थांबते. क्लचप्लेटचं अस्तर घासतं म्हणून गाडी धक्का न देता सुटते.

मारुतीच्या बुकलेटमधली वॉरंटीत न येणाऱ्या पार्टची यादी बघितलीत, तर त्यात बल्ब, टायर-ट्यूब, स्पार्क प्लग, बेल्ट, होज, फिल्टर, वायपर ब्लेड, फ्यूज, क्लच डिस्क, ब्रेक शू, ब्रेक पॅड, केबल आणि सर्व रबरी पार्ट अशी नावं आहेत. बाकीच्या कंपन्यांच्या याद्या शब्दांत थोड्या पुढे-मागे असतात, गाभा तोच असतो. ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल, व्हील अलाइनमेंट, बॅलन्सिंग हा देखभालीचा खर्च, तो कुठेच वॉरंटीत येत नाही. या बाबतीत ‘अमुक ब्रँड क्लचप्लेट वॉरंटीत देतो’ असं कोणी सांगितलं, तर ते बुकलेटमध्ये दाखवायला सांगा.

त्याच यादीत रबरी पार्टच्या पुढे एक छोटा अपवाद दिलेला आहे, ऑइल सील, म्हणजे तेल गळू न देणारी कडी, आणि खिडकीची काच जिच्यात सरकते ती रबरी पट्टी, म्हणजे ग्लास रन, सोडून. ऑइल सील रबरी असूनही वॉरंटीत येतं. हे लक्षात ठेवा, दिरांच्या बाबतीत लागणार आहे.

टायर आणि 12 व्होल्टची बॅटरी हा वेगळा गट आहे. ते कार कंपनीने बनवलेलेच नसतात, म्हणून त्यांची वॉरंटी त्यांच्या उत्पादकाची असते आणि दावाही त्यांच्याच विक्रेत्याकडे करावा लागतो. टायरमध्ये दोष सापडला, तरी नवा टायर फुकट मिळेल असं नसतं. टायर कंपनीचा माणूस नक्षी किती मिलिमीटर उरली आहे ते मोजतो आणि तेवढ्याच प्रमाणात सूट देतो. खड्ड्यात आपटून टायरच्या बाजूला फुगा आला, तर तो दोष नव्हे, इजा मानली जाते. बॅटरीचंही तसंच आहे. सुरुवातीचे काही महिने पूर्ण बदलून, पुढे प्रमाणात सूट. गाडी ताब्यात घेताना बॅटरीचा सिरियल नंबर आणि तिचं वॉरंटी कार्ड मागून घ्या. हे कार्ड हातात नसेल, तर दोन वर्षांनी सकाळी गाडी सुरू होत नसताना ते शोधायला लागतं.

झिजणारे पार्ट आणि पूर्ण वॉरंटीत येणारे पार्ट यांच्या मधला भाग वादाचा असतो, आणि घाटातल्या गाडीला तोच जास्त भोवतो. शॉकअॅब्सॉर्बरमधून ऑइल गळायला लागलं, तर तो सीलचा दोष म्हणून वॉरंटीत येतो. पण त्याच सस्पेन्शनमधले बुश रबरी असल्यामुळे बाहेर राहू शकतात. ब्रेक डिस्क स्वतः लोखंडाची, पण पॅड शेवटपर्यंत झिजू दिले आणि पॅडच्या मागची पत्र्याची पाटी डिस्कला घासली, तर डिस्कवर पडलेल्या खोबणी तुमच्या खात्यावर येतात. पॅडवर बहुधा एक छोटी पत्र्याची जीभ असते. अस्तर संपत आलं की ती डिस्कला लागून बारीक कर्कश आवाज करते. घाट उतरताना हा आवाज ऐकू आला, तर पुढच्या सर्व्हिसची वाट बघू नका. पॅडच्या खर्चात काम भागेल, डिस्कपर्यंत जाणार नाही. बोलीभाषेत व्हील बेअरिंग ‘झिजलं’ म्हणतात खरं, पण ते बहुतेक बुकलेटांत वगळलेलं नसतं. मुदतीत गुरगुरायला लागलं, तर वॉरंटीत मागा.

इंजिनचे आतले भाग, गिअरबॉक्स, स्टिअरिंग, एसीचा कॉम्प्रेसर, अल्टरनेटर, स्टार्टर, पॉवर विंडोची मोटर, इंजिनचा संगणक, हे सगळं सर्वांकडे वॉरंटीत येतं. इथे मोठा खर्च वाचतो, आणि वॉरंटीचं खरं मोल इथेच आहे.

आता क्लच. तुमच्या रस्त्याला तो बाकी कशाहीपेक्षा महत्त्वाचा, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

क्लचप्लेट म्हणजे दोन्ही बाजूंना घर्षणाचं अस्तर रिव्हेटने बसवलेली चकती. इंजिनबरोबर फिरणारं फ्लायव्हील आणि स्प्रिंगने दाब देणारी प्रेशर प्लेट यांच्या मध्ये ती दाबली जाते. पेडल पूर्ण सोडलेलं असतं तेव्हा ती घट्ट पकडलेली असते आणि जवळजवळ झिजत नाही. पूर्ण दाबलेलं असतं तेव्हा ती सुटी असते, तेव्हाही झिजत नाही. झिजते ती मधल्या अर्धवट अवस्थेत. घाटात पुढची ट्रकची रांग सरकते, थांबते, सरकते, आणि आपण ब्रेक न लावता अर्ध्या क्लचवर गाडी चढावर तोलून धरतो. त्या दहा-पंधरा सेकंदांत अस्तर भयंकर तापतं. सपाट रस्त्यावर एक लाख किलोमीटर सहज जाणारी प्लेट या सवयीने तीस हजाराच्या आतही जाऊ शकते. म्हणूनच किलोमीटर कमी आहेत एवढ्यावरून ती सदोष होती असं सिद्ध होत नाही. अस्तर संपलं की आधी वरच्या गिअरमध्ये चढावर लक्षण दिसतं. अॅक्सिलरेटर दाबला की इंजिनचे आरपीएम वाढतात आणि गाडीचा वेग तितका वाढत नाही. जळका वास त्यानंतर येतो.

एएमटी घेतली की ही कटकट गेली असं अनेकांना वाटतं. तसं नाही. एएमटीत तीच क्लचप्लेट असते, फक्त ती दाबायचं काम तुमच्या पायाऐवजी एक यंत्रणा करते. चढावर अॅक्सिलरेटर हलका दाबून गाडी तोलून धरली, तर एएमटीचीही प्लेट तशीच जळते. बिल आलं की कंपनी तेच म्हणते, झिजणारा पार्ट. ड्युअल क्लचच्या, म्हणजे डीसीटी गिअरबॉक्समध्ये तर अशा दोन प्लेट असतात. ह्युंदाईच्या 1 लिटर टर्बो पेट्रोलबरोबरची सात गिअरची डीसीटी कोरड्या क्लचची आहे, म्हणून रेंगाळत्या चढावर तीही तापते. याउलट टॉर्क कन्व्हर्टरच्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये ऑइलमधून शक्ती जाते, तिथे अशी कोरडी प्लेट नाही. मारुती ब्रेझाचा सहा गिअरचा ऑटोमॅटिक तसा आहे, टोयोटा टायसरच्या 1 लिटर टर्बोबरोबरचाही तसाच. टोयोटा हायरायडरच्या स्ट्राँग हायब्रिडमध्येही झिजणारी क्लचप्लेट नाही.

तेव्हा घाट आणि रोजची रहदारी असलेल्या माणसाला माझं ठाम मत सांगते. तीन महिन्यांच्या वॉरंटीच्या फरकापेक्षा गिअरबॉक्सची निवड तुमचा जास्त पैसा वाचवेल. बजेट पुरत असेल तर टॉर्क कन्व्हर्टर किंवा स्ट्राँग हायब्रिड बघा. मॅन्युअल घेणार असाल तरी हरकत नाही, चढावर हँडब्रेकने गाडी धरायची सवय पहिल्या आठवड्यापासून लावा. आजकाल हिल होल्डही मिळतो, पण तो गाडी दोन-तीन सेकंदच धरतो, लांब थांब्याला हँडब्रेकच हवा. एएमटी मात्र या रस्त्याला मी सुचवणार नाही.

हायब्रिडचा विषय निघाला म्हणून एक सांगून ठेवते. टोयोटा आणि मारुती दोघंही हायब्रिडच्या बॅटरीला 8 वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटर देतात. तुमच्या गतीने तीही चार वर्षं पाच महिन्यांत संपेल. इलेक्ट्रिक गाडीचा विचार मनात असेल, तर तिथे टाटा आणि महिंद्रा काही मॉडेलांच्या बॅटरीला आजीवन वॉरंटी देतात, पण ती खासगी नोंदणीच्या पहिल्या मालकालाच. गाडी विकली की अटी बदलतात. शिवाय बॅटरीची क्षमता किती टक्क्यांच्या खाली गेली तर ती ‘बिघडली’ मानायची, हा आकडा वर्षांपेक्षा महत्त्वाचा आहे. तो विचारा.

वॉरंटी टिकवणं हेही तुमच्यासारख्या जास्त चालवणाऱ्यांना कठीण जातं, आणि याबद्दल शोरूममध्ये कोणी बोलत नाही. सर्व्हिस साधारण 10 हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल तेव्हा, असते. बहुतेक लोक वर्षाकाठी दहा-बारा हजार चालवतात, त्यामुळे त्यांच्या डोक्यात ‘वर्षाला एक सर्व्हिस’ हे बसलेलं असतं. तुमचे 10 हजार किलोमीटर साडेतीन महिन्यांच्या आत होणार. तीन वर्षांत दहा सर्व्हिस. त्यातली एक जरी तीन-चार हजार किलोमीटर उशिरा झाली आणि पुढे इंजिनमध्ये काही निघालं, तर पहिला प्रश्न ऑइल बदलाच्या नोंदींचा येतो. म्हणून तारखेची आठवण ठेवू नका, ओडोमीटरची ठेवा. प्रत्येक बिलावर किलोमीटर नीट छापलेत का ते तिथेच बघा. अधिकृत सर्व्हिस सेंटर तुमच्या रोजच्या वाटेवर, खोपोली किंवा हिंजवडीच्या टोकाला आहे की नाही, हे ब्रँड ठरवताना मी वॉरंटीच्या आकड्यांच्या आधी बघेन. वर्षातून तीनदा गाडी लावायला सुट्टी घ्यावी लागली, तर सर्व्हिस लांबणारच.

महिन्याला 3,000 किलोमीटर म्हटल्यावर सीएनजीचा विचार मनात येणारच. घ्यायचा असेल तर कंपनीनेच बसवलेला घ्या. बाहेर किट बसवलं, तर इंधन यंत्रणा आणि इंजिनच्या बाबतीत कंपनी हात वर करू शकते, आणि तिच्याकडे तसं बुकलेटमधलं कलम असतं. बाहेरून बसवलेले दिवे, हॉर्न, कॅमेरे यांच्यासाठी मूळ वायर कापली असेल, तर विजेच्या यंत्रणेचीही तीच गत. तार न कापता जोडता येणारी अॅक्सेसरी डीलरकडून बिलासह घ्या. पावसात पाणी शिरून इंजिन बंद पडलं किंवा उंदरांनी वायर कुरतडली, तर ते वॉरंटीत नव्हे, विम्यात बघायचं.

बुकिंगचे पैसे भरायच्या आधी तिन्हीकडे वॉरंटी बुकलेट मागा. बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर मालकाच्या माहितीपुस्तिकेत ते मिळतं. शोरूममधल्या माणसाला तीन गोष्टी व्हॉट्सअॅपवर किंवा ईमेलवर लिहून विचारा. सस्पेन्शनचे बुश आणि शॉकअॅब्सॉर्बर किती महिने किंवा किती किलोमीटर वॉरंटीत आहेत? सर्व्हिसला किती दिवस किंवा किलोमीटर उशीर चालतो? आणि म्युझिक सिस्टीम, बॅटरी यांना गाडीपेक्षा कमी मुदत आहे का? तोंडी उत्तर मोजू नका. वॉरंटी गाडी तुमच्या ताब्यात आल्याच्या तारखेपासून सुरू होते, गाडी कारखान्यात बनली त्या तारखेपासून नाही. ती तारीख बुकलेटवर डीलरच्या शिक्क्यासह भरून घ्या. नोंदणी खासगीच करा. ऑफिसच्या वाहतुकीला गाडी लावायची म्हणून ती टॅक्सी परवान्यावर नेली, तर बहुतेक कंपन्यांची अमर्याद किलोमीटरची सवलत राहत नाही.

आता तुमच्या दिरांची क्लचप्लेट. ‘झिजणारा पार्ट’ एवढं म्हणून विषय संपत नाही. झिजणारा पार्टसुद्धा दुसऱ्या एखाद्या दोषामुळे खराब झालेला असू शकतो, आणि तसं असेल तर दुरुस्ती वॉरंटीत मागता येते. म्हणून कारण बघायला हवं, आणि कारण त्या जुन्या प्लेटवर लिहिलेलं असतं. जुना पार्ट अजून सर्व्हिस सेंटरकडे असेल तर तो परत मागा, बदलीचे पैसे दिरांनी भरलेत, जुना पार्ट दिरांचाच आहे.

प्लेट हातात घेऊन आधी अस्तर बघा. ते सगळीकडे सारखं पातळ झालंय, रिव्हेटच्या टोप्या वर आल्यात, प्रेशर प्लेट आणि फ्लायव्हीलवर निळसर-काळे डाग आहेत, तर प्लेट घसरून तापली आहे. हे बहुधा चालवण्यातून येतं आणि दावा टिकणार नाही. अस्तर जाड शिल्लक असूनही ते काळं, चकचकीत आणि तेलकट असेल, तर गोष्ट वेगळी. याचा अर्थ इंजिनच्या मागच्या बाजूच्या किंवा गिअरबॉक्सच्या पुढच्या ऑइल सीलमधून तेल गळून प्लेटवर आलं. ऑइल सील त्यांच्याही बुकलेटमध्ये वॉरंटीतून वगळलेलं नसेल, तर सील आणि त्यामुळे खराब झालेली प्लेट, दोन्ही वॉरंटीत मागायला जागा आहे. प्लेटच्या मधोमध असलेल्या डॅम्पर स्प्रिंग सैल झाल्यात किंवा तुटून बाहेर आल्यात, किंवा प्रेशर प्लेटच्या डायफ्राम स्प्रिंगचं एखादं बोट मोडलंय, तर ती झीज नाही, मोडतोड आहे. अस्तर एकाच बाजूने खाल्लं गेलं असेल, तर प्लेट नीट दाबली जात नव्हती, अलाइनमेंटचा किंवा प्रेशर प्लेटचा प्रश्न असू शकतो.

यातलं काही आढळलं, तर फोटो काढा आणि जॉब कार्डवर सर्व्हिस अॅडव्हायझरने नेमकं काय लिहिलंय ते वाचा. ‘क्लच वर्न आउट’ एवढंच असेल, तर कारण लिहून मागा. त्यानंतर डीलरला सोडून कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल करा. गाडीचा चासी नंबर, किलोमीटर, जॉब कार्डचा नंबर, फोटो आणि बुकलेटमधलं कलम, बस एवढं. लांबलचक तक्रार नको. वॉरंटीचा अंतिम निर्णय डीलरचा नसतो, कंपनीचा असतो, आणि अनेकदा डीलरने दावा वर पाठवलेलाच नसतो. तो पाठवला का, आणि नाकारला असेल तर कोणत्या कारणाने, हे लेखी मागा.

पंधरा-वीस दिवसांत उत्तर आलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. ती नोंदवायला पैसे लागत नाहीत, आणि कंपनीचा संबंधित विभाग बऱ्याचदा इथेच हलतो. त्यानेही झालं नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायला हवं. आयोगापुढे बनावटीतला दोष सिद्ध करायला तज्ज्ञाचा अहवाल लागू शकतो, आणि तो अहवाल त्या जुन्या प्लेटवरूनच निघणार. म्हणून दिरांना आजच फोन करायला सांगा. सर्व्हिस सेंटरमध्ये जुने पार्ट फार दिवस ठेवत नाहीत, आणि प्लेट भंगारात गेली की बाकी कागदांना फारसा आधार उरत नाही.